साडेतीनचा कोन

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल कुणी मला विचारलं की त्या काय करतात, तर मी सांगते, गणितं सोडवतात. सोडवायच्या, असं म्हणायला हवं. पण अजून जीभ वळत नाही.

आम्ही तिघी एकाच घरातल्या आणि एकाच कचेरीतल्या. मी धाकटी जाऊ, त्या थोरल्या, आणि आमची नणंद. ती माझ्याहूनही लहान, लग्न नको म्हणते, राहते आमच्यातच, वरच्या खोलीत. सकाळी तिघी एकत्र निघायचो. तिघींचे डबे मीच भरायचे, आणि कुणाच्या डब्यात भाजी कमी गेली यावरून रस्ताभर भांडण. लोकांना वाटायचं बहिणी आहेत. मलाही तसंच वाटायचं, तेव्हा.

कचेरी म्हणजे एका बँकेच्या वरचा मजला. तिथे पुस्तकांच्या पानांचे फोटो येतात, गणितांच्या, विज्ञानाच्या. मी कापणीवर आहे. एका पानावर सात-आठ प्रश्न असतात. त्यातला एकेक प्रश्न पर्यायांसकट नीट कापायचा, वाकडा असेल तर सरळ करायचा आणि पुढे पाठवायचा. पुढे जाऊबाईंसारखे सोडवणारे. ते प्रश्न सोडवतात, पायऱ्या टाइप करतात. मग तपासनीस बघतो, आणि ते मुलांच्या मोबाइलवर जातं. मूल अडलं की प्रश्न शोधतं, त्याला पायऱ्या दिसतात आणि खाली सोडवणाऱ्याचं नाव. ते नाव जाऊबाईंना फार प्रिय होतं. घरी लाइटचं बिल दिराच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, दुधाचा हिशोबसुद्धा सासूबाईंच्या नावाने. हे एवढं एकच त्यांचं स्वतःचं होतं, असं त्या एकदा मला हसत हसत म्हणाल्या होत्या.

आता गंमत अशी की फोटोतच बऱ्याचदा उत्तर छापलेलं असतं. प्रश्नाच्या खाली बारीक अक्षरात, नाहीतर पानाच्या तळाशी. आणि ती छापलेली उत्तरं चुकतात. लोकांना वाटतं छापलं म्हणजे देवानेच लिहिलं. अहो, छापणारीही माणसंच. कुणी घाईत असतो, कुणाला झोप आलेली असते.

म्हणून जाऊबाईंनी पुठ्ठ्याची एक पट्टी केली होती. स्क्रीनवर खाली, उत्तर असेल तिथे ती धरायची, आणि मग प्रश्न सोडवायचा. बाकीचे हसायचे. एक जण म्हणाला, काकू, परीक्षेला बसल्या आहात काय? त्या म्हणाल्या, "अरे, उत्तर दिसलं की डोकं तिकडेच घसरतं. मग आपण गणित सोडवत नाही, उत्तराकडे जायचा रस्ता शोधतो. दोन्ही वेगळं." सोडवून झालं की पट्टी उचलायची. जुळलं तर 'जुळलं' हे बटण. नाही जुळलं तर 'तफावत'.

पण तफावत दाबायच्या आधी त्यांचा जीव खाली-वर. कारण पहिला संशय त्या स्वतःवर घ्यायच्या. स्वतःच्या पायऱ्या पुन्हा, तेही आधीचं न बघता, दुसऱ्या पद्धतीने. मग चित्र पुन्हा वाचायचं. वजाचं चिन्ह पुसट आहे का, दशांश चिन्ह म्हणजे कागदावरचा डाग तर नाही ना, शब्द सुटलाय का. मग बघायचं की हे उत्तर याच प्रश्नाचं आहे ना. एकदा सलग पाच प्रश्नांची उत्तरं जुळेनात. मी म्हटलं, पुस्तकच भंगार. त्या म्हणाल्या, थांब. आणि बघितलं तर प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाला बरोबर बसत होतं. छापताना सगळी रांग एका घराने सरकली होती.

आणि एकदा तर खापर माझ्यावरच फुटलं. दोन नळांचं गणित. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, दोन्ही सुरू केले तर किती वेळ? जाऊबाईंनी काढलं चार तास. पट्टी उचलली, तर छापलेलं बारा. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाई, मला मूळ पान दाखव." पान काढलं. पुस्तक मध्ये दुमडलेलं होतं आणि घडीत एक ओळ गेलेली. दुसरा नळ टाकी 'रिकामी करतो', असं होतं तिथे. म्हणजे भरणाऱ्यातून रिकामी करणारा वजा करायचा. तासाला टाकीचा एक षष्ठांश भाग भरतो आणि एक द्वादशांश जातो, उरतो एक द्वादशांश. बारा तासच बरोबर. छापलेलं खरं, आणि आम्ही दोघी तोंडघशी. त्या मला रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बघ, म्हणून विचारायचं." मी पुन्हा कापून दिलं, घडी उलगडून.

हे सगळं इतकं सांगते, कारण पुढे लोक म्हणाले की या बाईला आपलं तेच खरं करायची खोड आहे. खोटं आहे ते. उत्तर बारा आलं तर बारा म्हणणारी बाई आहे ती.

सगळं करूनही जुळलं नाही, तर मात्र त्या हलायच्या नाहीत. आपलं उत्तर लिहायचं, खाली सरळ नोंद करायची की सोडवून हे येतं, चित्रात ते छापलंय, हे हे तपासलं, छापलेलं चुकीचं वाटतं. बस. छापलेल्या उत्तरापर्यंत पोचायला पायऱ्या वाकवायच्या नाहीत. त्याला त्या 'उलटं चालणं' म्हणायच्या. कचेरीत उलटं चालणारे पुष्कळ होते. आधी उत्तर बघायचं, मग मधे काहीतरी घुसडायचं, एखादी पायरी दाबून लिहायची, की झालं. दिसायला झकास. मूल मात्र वाचतं आणि तेच खरं समजतं.

आता नणंदेचं. ती आमची तपासनीस. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ही शाळेत होती आणि गणितात दरवर्षी गटांगळ्या खायची. जाऊबाईंनी तिला स्वयंपाकघरात समोर बसवून शिकवलं. पोळ्या लाटता लाटता अपूर्णांक. पिठाच्या गोळ्याचे भाग करून दाखवायच्या. पोरगी पास झाली, पुढे शिकली, नोकरीला लागली, आणि दोन वर्षांनी तिनेच आम्हा दोघींना इथे आणलं. जाऊबाई तिला लाडाने वन्सं म्हणायच्या, उगाच अहो-जाहो करून. "वन्सं, चहा घेता का? वन्सं, तुमची पायरी चुकली." ती म्हणायची, "वहिनी, पुरे." आणि हसायची. माझ्या नवऱ्याला कधी इतक्या मायेने कुणी हाक मारली नाही, मीसुद्धा नाही.

या वर्षी साहेबांनी जाहीर केलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शाखा काढायची आहे, आणि प्रमुख इथल्याच तपासनीसांतून घेणार. ज्याच्या हाताखालून काम सुरळीत जातं, त्याला. सुरळीत म्हणजे काय, तर तफावती कमी. कारण तफावत आली की तो प्रश्न अडकतो, पुस्तकवाल्यांना विचारायचं, ते आठ दिवस उत्तर देत नाहीत, वर म्हणतात आमचं पुस्तक काय चुकीचं आहे का. साहेबांनाही कटकट. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "तफावत लिहू नका असं मी म्हणत नाही. पण जरा जपून." हे 'जरा जपून' म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. फक्त जाऊबाईंना नाही कळलं. त्या घरी येताना म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी आता तीनदा तपासेन."

मग आलं ते घड्याळाचं गणित. साडेतीन वाजले असताना दोन काट्यांमधला कोन किती? पर्याय साठ, पंचाहत्तर, नव्वद, एकशे पाच. कापणी मीच केली होती, म्हणून मला पक्कं आठवतं. जाऊबाईंनी काढलं पंचाहत्तर. पट्टी उचलली, छापलेलं नव्वद.

त्या माझ्याकडे आल्या. मूळ पान बघितलं, काही सुटलं नव्हतं. वेळ साडेतीनच होती, तीन नव्हती. तीन असती तर नव्वद बरोबर होतं, म्हणून त्यांनी तो आकडा मोठा करकरून बघितला. खालचं उत्तर याच प्रश्नाचं, आजूबाजूची सगळी जुळत होती. मग त्यांनी मला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं. ते तेव्हा सव्वाअकरा दाखवत होतं, म्हणून त्यांनी सरळ खुर्चीवर चढून ते खाली काढलं आणि मागची कळ फिरवून काटे साडेतीनला आणले. सगळी कचेरी बघायला लागली. त्या म्हणाल्या, "हे बघ. मिनिट काटा सहावर. पण तास काटा तीनवर आहे का? नाही. तो तीन आणि चारच्या बरोबर मध्ये. मिनिट काटा अर्धा फेरा मारतो तोवर तास काटाही गप्प बसलेला नसतो. तीनपासून सहापर्यंत तीन घरं, घराला तीस अंश, म्हणजे नव्वद. त्यातलं अर्धं घर तास काट्याने खाल्लं, पंधरा. राहिले पंचाहत्तर." नणंद समोरच्याच टेबलावर होती. तीही बघत होती. हसून म्हणाली, "वहिनी, घड्याळ परत लावा हं, नाहीतर सगळे लवकर घरी पळतील." जाऊबाईंनी ते लावलं आणि तफावत दाबली.

पुढे महिनाभर काही नाही. मग एके दिवशी साहेबांनी जाऊबाईंना केबिनमध्ये बोलावलं, आणि कागद उचलायच्या निमित्ताने मीही दारात उभी राहिले. मी काही साधी नाही.

एका शाळेतल्या मास्तरांनी तक्रार केली होती. त्यांनी वर्गात आमचं उत्तर वाचून दाखवलं, आणि पोरांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवून त्यांचीच खिल्ली उडवली. मास्तर भडकले. त्यांनी पुस्तकवाल्यांना लिहिलं, पुस्तकवाल्यांनी साहेबांना. साहेबांनी स्क्रीन वळवली. त्यावर लिहिलेलं होतं, तास काटा तीनवर, मिनिट काटा सहावर, मध्ये तीन घरं, प्रत्येकी तीस अंश, म्हणून नव्वद, पर्याय क. आणि खाली जाऊबाईंचं नाव.

जाऊबाई ते वाचत राहिल्या. पुन्हा वाचलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "साहेब, हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे. पायऱ्या माझ्या नाहीत. मी पंचाहत्तर लिहून तफावत दाखवली होती."

साहेब म्हणाले, "आमच्याकडे जे शेवटचं असतं तेवढंच राहतं. मधलं काही राहत नाही. तुमच्यानंतर फक्त तपासनीसाकडे जातं." आणि त्यांनी नणंदेला बोलावलं.

आता बघा. त्या क्षणी मला खरंच वाटलं की ही येईल, म्हणेल की साहेब, गडबडीत झालं, मीच बदललं, आणि विषय संपेल. दोन शिव्या मिळाल्या असत्या, फार तर. ती आली. स्क्रीनकडे बघितलं. जाऊबाईंकडे नाही बघितलं. म्हणाली, "साहेब, वहिनींचं काम मी बारकाईने बघत नाही. विश्वास आहे ना. चूक माझीही आहे, मी डोळे झाकून पुढे पाठवलं."

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे. विश्वासाचं नाव घेऊन कापला. आणि वर स्वतःचीही चूक कबूल केल्यासारखं दाखवलं, म्हणजे साहेबांना ती आणखी सज्जन वाटली.

मी आत घुसले. म्हटलं, "साहेब, मी साक्षीदार आहे. सगळी कचेरी साक्षीदार आहे, यांनी घड्याळ काढून काटे फिरवले होते." साहेब थकल्यासारखे म्हणाले, "ताई, तुम्ही यांच्या जाऊ. त्या यांच्या नणंद. हे घरातलं भांडण मी इथे सोडवू का? आणि घड्याळ खाली काढलं म्हणजे स्क्रीनवर काय लिहिलं, हे कसं कळणार?"  मी बाहेर आले आणि जे दोन-तीन जण तेव्हा बघत होते त्यांना विचारलं. एकाला आठवत नव्हतं. दुसरीला नव्या शाखेत जायचं होतं. तिसरा म्हणाला, "ताई, मला मधे घेऊ नका." साहेबांनी जाऊबाईंना सांगितलं की उद्या लेखी द्या, चूक कशी झाली ते. नाहीतर सोडवण्याचं काम काढून घ्यावं लागेल.

घरी येताना आम्ही दोघीच चाललो. नणंद रिक्षाने पुढे गेली होती. जाऊबाई एकच वाक्य बोलल्या. "तिला येतं गं ते गणित. मीच शिकवलं होतं. पिठाच्या गोळ्यावर काड्या लावून."

म्हणजे चुकून नाही. कळत असून. हे त्यांना बोचत होतं. नव्वद लिहिणाऱ्याला पंचाहत्तर माहीत होतं.

संध्याकाळी सगळे बसले. सासूबाई, माझा नवरा, थोरले दीर, आम्ही तिघी. नणंदेने आधीच आईच्या कानात काय ते घातलं होतं. घरात मात्र तिने मान्य केलं. अगदी सहज. "हो, मी बदललं. त्या महिन्यात वहिनींच्या एकट्यांच्या तफावती सगळ्यांहून जास्त होत्या. माझ्या नावावर त्या लागत होत्या. एवढंसं घड्याळाचं गणित, कोण बघतंय असं वाटलं."

मी म्हटलं, "मग हेच उद्या साहेबांना सांग."

ती म्हणाली, "आणि शाखा? चार वर्षं घासलीत मी तिथे. वहिनींना कुठे शाखा हवीय? त्यांना दोन दिवस बोलणी बसतील आणि विसरतील सगळे."

सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या, "थोरली आहेस. लहान बहिणीसारखी आहे ती. एक कागद लिहून दिलास तर तुझं काय झिजणार आहे?" मला वाटलं दीर तरी काही बोलतील. बायको आहे त्यांची. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "घरात वाद नको. लिहून टाक की नजरचुकीने झालं."

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे उत्तर ठरलेलं आहे. मी फक्त पायऱ्या लिहायच्या."

कुणालाच कळलं नाही. नणंदेला कळलं. तिने मान खाली घातली आणि वर निघून गेली. मला तेव्हा इतका संताप आला होता की मी भांडी आपटली, आणि एक कप फुटला तो कुणाचा होता हेही बघितलं नाही. आणि खरं सांगते, मला नणंदेपेक्षा दिरांचा जास्त राग आला. ती निदान स्वतःसाठी खोटं बोलत होती. हे महाशय नुसते शांततेसाठी.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी कागद दिला. मी वाचलाय तो. माफी नव्हती त्यात, आणि नणंदेचं नावही नव्हतं. जसं रोज लिहायच्या तसंच लिहिलेलं. प्रश्न काय होता. सोडवून काय येतं, सगळ्या पायऱ्या, ते तास काट्याने गप्प न बसण्याचं वाक्यसुद्धा. चित्रात काय छापलं होतं. काय काय पुन्हा तपासलं. आणि शेवटी, 'माझ्या नावाखाली आज जे उत्तर दिसतं ते माझ्या सोडवलेल्या उत्तराशी जुळत नाही. ते कसं बदललं हे मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.' बस.

मी म्हटलं, "अहो, कालच तर ती घरी म्हणाली की मी बदललं. लिहा ना ते." त्या म्हणाल्या, "ती घरात वहिनीला बोलली. कचेरीत साहेबांपुढे वेगळं बोलली. घरातलं तिथे कसं नेऊ?" मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्यांचं असंच.

साहेबांना तो कागद कटकटीचा वाटला. माफी असती तर त्यांनी फाइलला लावली असती आणि विसरले असते. हा कागद माफीही नाही आणि आरोपही नाही. त्यांनी तो ठेवून घेतला. म्हणाले, "सध्या तुम्ही कापणीवर बसा." म्हणजे माझ्या शेजारी. पंधरा दिवसांनी नव्या शाखेचं जाहीर झालं. नणंद प्रमुख. मिठाई वाटली गेली. जाऊबाईंनी एक तुकडा घेतला आणि अभिनंदनही केलं. मी टॉयलेटला गेले.

नव्या शाखेची सूत्रं हातात येण्याआधी साहेबांनी नणंदेला सांगितलं होतं की जुनं घड्याळाचं उत्तर त्या कागदावरून दुरुस्त करून टाका, मास्तर थांबले आहेत. आणि नवा नियमही काढला. यापुढे जो दुरुस्ती करेल, त्याचं नाव खाली येईल. म्हणजे कोण जबाबदार ते कळेल. नियम चांगला आहे. दोन महिने आधी काढला असता तर आज मी हे सांगत बसले नसते.

एका दुपारी मी सहज तो प्रश्न शोधला. कापलेलं चित्र माझंच, ओळखीचं. खाली पायऱ्या. मी वाचल्या, अगदी खालपर्यंत. मी जाऊबाईंची खुर्ची ओढून माझ्याकडे वळवली.

त्यांनी चष्मा लावला. सवयीने त्यांनी आधी प्रश्न वाचला, मग पर्याय, मग एकेक पायरी. मिनिट काटा सहावर. तास काटा तीन आणि चारच्या मध्ये. मिनिट काटा अर्धा फेरा मारतो तोवर तास काटाही गप्प बसलेला नसतो. तीन घरांचे नव्वद, त्यातून पंधरा वजा. पंचाहत्तर अंश, पर्याय ब. चित्रात छापलेले उत्तर चुकीचे आहे. शब्दन् शब्द त्यांच्या कागदातला. कानामात्रेचाही फरक नाही. खाली नाव नणंदेचं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"काय बरोबर आहे? नाव बघा."

"उत्तर बरोबर आहे. पायऱ्याही बरोबर आहेत. यात तफावत कुठे दाखवू मी?"

त्यांचा आवाज तेव्हा फुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. केबिनमध्ये नाही, घरच्या बैठकीत नाही, मिठाईच्या वेळी नाही. खोटं उत्तर त्यांच्या नावावर लागलं तेव्हा त्या ताठ होत्या. खरं उत्तर त्यांच्या नावावरून उतरलं, तेव्हा त्या रडल्या. मी काय करणार, पदर पुढे केला. म्हटलं, चला, मी आत्ता तिच्या झिंज्या धरते. त्या नको म्हणाल्या, डोळे पुसले आणि स्वतः उठल्या.

नणंद सामान आवरत होती, खोक्यात. जाऊबाई तिच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. आसपासचे लोक एकदम फार कामात गुंतले. मी मागेच होते.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "एकदा विचारलं असतंत, तर मी दिलं असतं हो. नाव काय, सगळंच दिलं असतं."

नणंदेच्या हातात पेनांचा डबा होता. तिने तो खोक्यात ठेवला. मला वाटलं आता तरी रडेल, गळ्यात पडेल. तिने पहिल्यांदा जाऊबाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"तेच तर, वहिनी," ती म्हणाली. "विचारून घेतलं असतं तर ते तुमचंच राहिलं असतं. माझ्याकडचं आतापर्यंतचं सगळं तुमचंच आहे."

 जाऊबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि पुढचं पान उघडून कापायला लागल्या.